सत्तर हजारांचं पत्र, साडेपन्नास हजारांचा पगार

वाचकाचं पत्र

पुण्यातल्या एका आयटी कंपनीचं ऑफर लेटर आलंय. रुजू होण्याची तारीख १ डिसेंबर. सही करून ३ दिवसांत परत पाठवायचंय. महत्त्वाचा भाग खाली उतरवून देतोय.

एकूण वार्षिक पॅकेज (सीटीसी) ८,४०,००० रु. त्यात बेसिक ३,३६,०००, घरभाडे भत्ता १,६८,०००, स्पेशल अलाउन्स १,२६,०००, कंपनीचा पीएफ २१,६००, ग्रॅच्युइटी १६,१६२, मेडिक्लेमचा हप्ता १२,२३८, व्हेरिएबल पे १,००,०००, रिटेन्शन बोनस ६०,००० (१८ महिने पूर्ण झाल्यावर एकरकमी).

व्हेरिएबल पे आर्थिक वर्षानुसार. ३१ मार्चला कन्फर्म झालेल्या आणि जुलैत वाटपाच्या दिवशी नोटीसवर नसलेल्या कर्मचाऱ्यांनाच. रक्कम व्यवस्थापन ठरवेल.

प्रोबेशन ६ महिने; कंपनी ते वाढवू शकेल. लेखी कन्फर्मेशन मिळेपर्यंत प्रोबेशन चालू समजले जाईल. या काळात कंपनीची नोटीस १५ दिवस, कर्मचाऱ्याची ६० दिवस. कन्फर्मेशननंतर दोघांची ९० दिवस. कंपनी नोटीसऐवजी बेसिक पगार देऊ शकेल. कर्मचाऱ्याला मुदतीआधी सोडायचे की नाही हे कंपनी ठरवेल. सोडल्यास उरलेल्या दिवसांचा ग्रॉस पगार वसूल होईल.

२४ महिन्यांच्या आत नोकरी सोडल्यास प्रशिक्षण खर्चापोटी २,००,००० रु. भरावे लागतील. मूळ पदवी प्रमाणपत्र जमा करावे. नोकरी सोडल्यावर १२ महिने प्रतिस्पर्धी कंपनीत किंवा आमच्या ग्राहकाकडे काम करता येणार नाही.

उत्तर

नमस्कार. प्रश्न लिहिला नाहीत तरी चालेल. असं पत्र वाचताना कुठे अडखळायचं हेच कळत नाही, मग विचारणार काय? पगारपत्रकं बनवण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्यामुळे मी आधी आकड्यांकडे वळते आणि मग अटींकडे. तुमच्या पत्रात या दोन्हींचा एकमेकांशी घट्ट संबंध आहे.

८,४०,००० ला १२ ने भागलं की ७०,००० येतात, आणि घरी आईवडिलांना तोच आकडा सांगितला जातो. प्रत्यक्षात दर महिन्याला तुमच्या नावावर जमा होणाऱ्या गोष्टी तीनच. बेसिक २८,०००, घरभाडे भत्ता १४,००० आणि स्पेशल अलाउन्स १०,५००. एकूण ५२,५००. यातून तुमच्या वाट्याचा पीएफ १,८०० कापला जाईल आणि व्यवसाय कर २००. हातात ५०,५००. फेब्रुवारीत महाराष्ट्रात व्यवसाय कर ३०० असतो, म्हणून त्या महिन्यात शंभर कमी. नव्या कर प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सध्या कर लागत नाही, त्यामुळे आयकर कापला जाण्याचं कारण नाही. मात्र चालू आर्थिक वर्षात आधीच्या कंपनीत मिळालेला पगार नव्या कंपनीला नक्की कळवा, म्हणजे वर्षाचा हिशेब एकत्र होईल.

मग उरलेले १९,५०० गेले कुठे? सगळेच बुडाले असं नाही. कंपनीचा १,८०० पीएफ तुमचाच आहे, फक्त आज हातात येणार नाही. तो १५,००० रुपयांच्या मर्यादेवर १२ टक्के दराने काढलाय आणि ही पद्धत सर्रास चालते. मेडिक्लेमचे महिन्याचे हजारभर रुपये वाईट म्हणता येणार नाहीत, पण त्यात आईवडील आहेत का, विमा रक्कम किती आणि पहिल्या दिवसापासून लागू आहे का, हे विचारा. ग्रॅच्युइटीचे १,३४७ मात्र मी आज शून्यच धरते. कायम नोकरीत सलग ५ वर्षं काढल्यावरच ती मिळते (ठरावीक मुदतीच्या करारावर असाल तर नव्या सामाजिक सुरक्षा संहितेनुसार १ वर्षात, पण तुमचं पत्र तसं नाही). तीन वर्षांनी सोडलंत तर पॅकेजमध्ये दिसलेली ही रक्कम कधीच मिळाली नाही असं होईल. कंपनीने पॅकेजमध्ये ती दाखवणं बेकायदा नाही, पण तुलना करताना तिला मोजू नका.

खरी भर आहे ती व्हेरिएबलच्या १,००,००० ची आणि रिटेन्शनच्या ६०,००० ची. पॅकेजचा जवळजवळ पाचवा हिस्सा या दोन ओळींत बसलाय. त्यातही रिटेन्शन बोनस १८ महिन्यांनी एकदाच मिळणार, तरी 'वार्षिक' पॅकेजमध्ये तो पूर्ण धरलाय. पहिल्या वर्षी त्यातला एक रुपयाही येत नाही. थोडक्यात, पहिल्या १२ महिन्यांत तुमच्या बँक खात्यात येतील सुमारे ६,०६,०००. सध्याच्या नोकरीशी तुलना करायची तर तिथे महिन्याला हातात किती पडतं त्याच्याशी ५०,५०० ताडून बघा. दोन्हीकडचे सीटीसी शेजारी ठेवून काही कळणार नाही, कारण प्रत्येक कंपनी त्यात वेगळ्या गोष्टी भरते.

आता एक कॅलेंडर घ्या आणि माझ्याबरोबर महिने मोजा. ही अट वेगळी आणि ती अट वेगळी अशी वाचलीत तर प्रत्येक अट परवडण्यासारखी वाटते. एकत्र मांडली की चित्र बदलतं.

तुम्ही १ डिसेंबरला रुजू झालात. प्रोबेशन ३१ मेला संपेल, तेही वाढवलं नाही तर. मधे ३१ मार्च येऊन जातो आणि त्या दिवशी तुम्ही कन्फर्म नसता. म्हणजे पहिल्या चार महिन्यांचा व्हेरिएबल तिथेच गेला. पुढचं पूर्ण आर्थिक वर्ष काम केल्यावर त्याची रक्कम मिळेल जुलैमध्ये, आणि तो तुमच्या नोकरीचा विसावा महिना असेल. त्याआधी ३१ मेला १८ महिने भरतात, तेव्हा रिटेन्शन बोनस. समजा जुलैचे पैसे हातात आल्यावर तुम्हाला चांगली संधी आली आणि १ ऑगस्टला राजीनामा दिलात. ९० दिवसांनी, म्हणजे ऑक्टोबरच्या अखेरीस तुम्ही मोकळे. पण २४ महिने भरतात ३० नोव्हेंबरला. एका महिन्याने हुकलं आणि २,००,००० भरा. व्हेरिएबल आणि रिटेन्शन मिळून मिळालेल्या १,६०,००० पेक्षा हे जास्त आहेत.

हे कोणी मुद्दाम रचलेलं असेलच असं नाही. बऱ्याचदा एक अट एका वर्षी वकिलाने घातलेली असते, दुसरी नव्या एचआर प्रमुखाने, आणि एकमेकांवर त्यांचा काय परिणाम होतो हे कोणी पाहिलेलंच नसतं. म्हणूनच हे कॅलेंडर दाखवून बोललं तर समोरचा माणूस बऱ्याचदा ऐकतो.

याच ठिकाणी एक खाच आहे. 'नोकरी सोडल्यास' म्हणजे राजीनाम्याची तारीख की शेवटचा कामाचा दिवस? पत्रात लिहिलेलं नाही. शेवटचा दिवस धरला तर सप्टेंबरच्या सुरुवातीला राजीनामा देऊन ३० नोव्हेंबरनंतर सुखाने बाहेर पडता येतं. राजीनाम्याची तारीख धरली तर फेब्रुवारीअखेरपर्यंत अडकलात. हा एक प्रश्न मेलवर विचारून उत्तर लेखी घ्याच.

प्रोबेशनबद्दल मला सहा महिन्यांची अडचण वाटत नाही. अडचण आहे ती 'लेखी कन्फर्मेशन मिळेपर्यंत' या शब्दांची. अशी अट असताना सहा महिने उलटले म्हणून आपण आपोआप कायम झालो, असं धरून चालता येत नाही. मॅनेजर बदलला, कागद कुणाच्या तरी मेलमध्ये पडून राहिला, एवढ्यावर माणसं नऊ-नऊ महिने प्रोबेशनवर राहिलेली मी पाहिली आहेत, आणि तुमच्या पत्राप्रमाणे त्याचा फटका थेट व्हेरिएबलला बसतो. वाढ जास्तीत जास्त ३ महिने आणि कारण लेखी कळवून, एवढी सुधारणा मागा. ती नाकारली तर निदान मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात स्वतःहून मेल टाकून कन्फर्मेशनची आठवण करा. आणि तुमच्यासाठी ६० दिवस, कंपनीसाठी १५ दिवस हे प्रोबेशनमधलं व्यस्त प्रमाण दोन्हीकडे समान करून मागा. ही मागणी नाकारायला त्यांच्याकडे सांगण्यासारखं कारण नसतं.

नोटीस पिरियडवर मी सगळ्यात जास्त भांडेन. ९० दिवसांचा चटका आत्ता बसत नाही, पुढची नोकरी मिळताना बसतो. समोरची कंपनी बऱ्याचदा ४५ किंवा ६० दिवसच थांबायला तयार असते. समजा ती ६० दिवस थांबली. उरलेले ३० दिवस तुम्ही पैसे भरून सोडवू म्हणालात तरी इथे 'सोडायचे की नाही हे कंपनी ठरवेल' असं लिहिलंय. म्हणजे पैसे भरायची तयारी असूनही हक्क नाही. आणि सोडलंच तर वसुली ग्रॉसवर, म्हणजे ५२,५००. उलट कंपनीने तुम्हाला ताबडतोब काढलं तर ती बेसिकवर हिशेब करेल. ९० दिवसांचे ८४,०००. ग्रॉसवर हेच १,५७,५०० होतात. घेताना एक माप आणि देताना दुसरं. 'दोन्ही बाजूंना एकच आधार' हे चार शब्द पत्रात आले पाहिजेत. बेसिकवर असो की ग्रॉसवर, पण सारखा.

जाता जाता, नोटीसची रक्कम वसूल करताना काही ठिकाणी अजून त्यावर १८ टक्के जीएसटी लावतात. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने २०२२ च्या ऑगस्टमध्येच परिपत्रक काढून नोटीस आणि बॉण्डच्या, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी सोडल्यास पैसे भरण्याच्या अटीच्या, अशा वसुलीवर जीएसटी लागत नाही असं स्पष्ट केलंय. कधी वेळ आली तर लक्षात ठेवा.

आता बॉण्ड आणि स्पर्धकाकडे न जाण्याची अट. लोक या दोन्हींना एकाच पारड्यात टाकतात आणि 'भारतात हे कोर्टात टिकत नाही' म्हणून मोकळे होतात. ते अर्धंच बरोबर आहे.

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार कुणालाही कायदेशीर व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेपर्यंत निरर्थक असतो. नोकरी सोडल्यानंतर १२ महिने अमक्याकडे जायचं नाही, ही अट त्यात येते. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये क्रिकेटपटू झहीर खान आणि त्याच्या आधीच्या एजन्सीच्या वादात हेच धोरण कायम ठेवलं. करार संपल्यानंतरचं बंधन चालत नाही. त्यामुळे स्पर्धक कंपनीत जाण्यावर असलेल्या बंदीची फार काळजी करू नका, आणि ती काढून टाकण्यासाठी वाटाघाटीतली ताकदही खर्च करू नका. मात्र दोन गोष्टी वेगळ्या आहेत. नोकरीत असताना दुसरीकडे काम न करण्याचं बंधन चालतं, हे १९६७ पासून ठरलेलं आहे. तेव्हा शनिवार-रविवारच्या फ्रीलान्स कामाला आधी लेखी परवानगी घ्या. आणि गोपनीय माहिती, कोड, ग्राहकांच्या याद्या घेऊन जाण्यावरची बंदी नोकरी संपल्यानंतरही लागू राहते. ग्राहकाच्या कंपनीत जाण्याबद्दल थोडं जपून. कायद्याने तुम्हाला अडवणं अवघड असलं तरी दोन कंपन्यांमध्ये एकमेकांची माणसं न घेण्याचा आपसातला करार असू शकतो आणि मग ग्राहकच नोकरी देत नाही. 'ज्या ग्राहकासाठी प्रत्यक्ष काम केलं त्याच्याकडेच, आणि ६ महिने' असं आकुंचन मागून बघा. मिळालं तर छान.

बॉण्डचं तसं नाही. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात ३ वर्षांआधी नोकरी सोडणाऱ्या अधिकाऱ्याकडून २ लाख घेण्याची अट वैध ठरवली. अशी अट नोकरी चालू असतानाच्या काळाला लागू होते, ती कलम २७ मध्ये बसत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. तिथे सरकारी बँक होती आणि जाहिरात देऊन, परीक्षा घेऊन भरती करण्याचा खर्च हा मुद्दा होता. खासगी कंपनीला तो निकाल जसाच्या तसा लागू पडेल असं नाही. कलम ७४ प्रमाणे करारात आकडा लिहिला म्हणून तो पूर्ण मिळतोच असंही नाही, त्या मर्यादेत वाजवी भरपाईच मिळते. तुमच्या पत्रात 'प्रशिक्षण खर्च' लिहिलंय. प्रशिक्षण कुठलं, किती दिवसांचं, बाहेरचं प्रमाणपत्र त्यात आहे का, हे विचारा. पहिल्या आठवड्यातल्या ओळख-सत्राला आणि दोन ऑनलाइन व्हिडिओंना २ लाख खर्च येत नाही. पण कोर्टात जिंकता येईल या भरवशावर सही करू नका. कंपनीला कोर्टात जावंही लागत नाही. रिलीव्हिंग लेटर अडवलं, शेवटच्या महिन्याचा पगार रोखला की माणूस आपणहून तडजोडीला येतो, कारण पुढच्या कंपनीची पार्श्वभूमी तपासणी त्या लेटरवर अडलेली असते.

तुमच्या बॉण्डची सगळ्यात वाईट बाजू म्हणजे तो सपाट आहे. दुसऱ्या महिन्यात सोडा की तेविसाव्या, २ लाखच. तो दरमहा घटणारा करून मागा. २४ महिन्यांत समान विभागला तर महिन्याला ८,३३३ कमी होतात. २३ महिने काम करून सोडलंत तर ८,३३३ भरावे लागतील. वर जो ऑक्टोबरचा पेच दाखवला तो या एका बदलाने सुटतो. शिवाय प्रोबेशनमध्ये कंपनीने तुम्हाला काढलं तर बॉण्ड लागू नाही, हेही लिहून घ्या. 'सोडल्यास' या शब्दात काढून टाकणं येत नाही असं तुम्हाला वाटेल, पण हिशेब करणाऱ्याला नेहमी तसं वाटेलच असं नाही.

मूळ पदवी प्रमाणपत्र मात्र अजिबात ठेवून देऊ नका. रुजू होताना मूळ कागद दाखवा, त्यांच्यासमोर झेरॉक्सवर सही-शिक्का होऊ द्या आणि मूळ कागद घेऊन घरी या. कुठल्याच कंपनीला पडताळणीसाठी तो महिनोन् महिने जवळ ठेवायची गरज नसते. बॉण्ड आणि मूळ प्रमाणपत्र दोन्ही त्यांच्याकडे असेल तर वाटाघाटीला तुमच्याकडे काहीच उरत नाही. या एका मुद्द्यावर ते हटले नाहीत तर मी ती नोकरी घेणार नाही.

सगळंच मागितलंत तर काहीच मिळणार नाही, म्हणून क्रम ठरवा. आधी मूळ प्रमाणपत्र. मग दरमहा घटणारा बॉण्ड. मग नोटीस ६० दिवस, किंवा ९० ठेवायचे तर पैसे भरून सोडवण्याचा हक्क, एकाच आधारावर. त्यानंतर पैशांचं. रिटेन्शनचे ६०,००० पूर्ण नाही तरी अर्धे पगारात घालता येतील का, असं विचारा. ३०,००० पगारात गेले तर महिन्याला २,५०० वाढतात आणि कंपनीचं एकूण पॅकेज तेवढंच राहतं, म्हणून एचआरला हे वरून मंजूर करून घेणं सोपं जातं. व्हेरिएबलसाठी गेल्या दोन वर्षांत तुमच्या पदाच्या लोकांना सरासरी किती टक्के मिळाला हे विचारा. उत्तर टाळलं तर तो निम्माच धरा.

हे फोनवर बोला, पण लगेच मेल टाका: 'आज झालेल्या बोलण्यानुसार खालील बदल सुधारित पत्रात यावेत'. 'सगळ्यांना हेच पत्र देतो, पण आपण सांभाळून घेतो' असं फोनवर सांगणारा माणूस वर्षभरात दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो. सुधारित पत्र देणं शक्य नसेल तर एचआरच्या अधिकृत मेलवरून आलेलं स्पष्ट उत्तरही बरंच काम करतं, मात्र पत्राच्या शेवटी 'हे पत्र म्हणजेच पूर्ण करार' असं वाक्य आहे का ते बघा. ते असेल तर मेल पुरत नाही, पुरवणी पत्रच लागतं.

३ दिवसांची मुदत बहुतेक वेळा मागितली की वाढते. आजच मेल करून सोमवारपर्यंतचा वेळ मागा. सध्याच्या नोकरीचा राजीनामा सुधारित पत्रावर दोघांच्या सह्या झाल्यावर द्या, त्याआधी नाही. आणि तिथली तुमची नोटीस किती दिवसांची आहे हे आधी काढून बघा, कारण ती ६० किंवा ९० दिवसांची असेल तर १ डिसेंबर ही तारीखच आधी बदलून घ्यावी लागेल.